Yazhini हे नाव कसं म्हणायचं? आणि चार महिने चुकीचं म्हटल्यावर आता विचारायचं कसं?

ज्ञानदा_कोथरूड
जरा मदत हवीये. आमच्या टीममध्ये जूनमध्ये एक मुलगी आली, मदुराईची आहे, स्क्रीनवर तिचं नाव Yazhini असं दिसतं. पहिल्या दिवशी सगळ्यांनी ओळीने आपापली ओळख करून दिली, तिची पाळी माझ्या लगेच आधी होती, आणि मी आपण काय बोलायचं हेच मनात जुळवत बसले होते त्यामुळे तिने स्वतःचं नाव कसं म्हटलं ते कानावर पडलंच नाही. नंतर मॅनेजर "याझिनी" म्हणाले, मग सगळेच याझिनी म्हणायला लागले, मी पण.

गेल्या गुरुवारी जेवताना तिला आईचा फोन आला, स्पीकरवर होता, आणि आईने जी हाक मारली त्यात झ नव्हताच. याळिनी असं काहीतरी होतं, पण अगदी आपला ळ पण नाही. मला एकदम कसंतरीच झालं. चार महिने रोज सकाळी मी या मुलीला "गुड मॉर्निंग याझिनी" म्हणतेय आणि ती हसून उत्तर देतेय. आता दोन गोष्टी सांगा: खरा उच्चार काय, आणि तिला न अवघडवता हे विचारायचं कसं? आम्ही हिंदी-इंग्लिश मिसळून बोलतो.

रोहन७
सोप्पंय. दक्षिणेकडच्या नावात zh दिसला की ळ म्हणायचं, विषय संपला. Kozhikode म्हणजे कोळिकोड, Alappuzha म्हणजे आलप्पुळा. विचारायची पण गरज नाही, उद्यापासून सरळ याळिनी म्हणायला लाग.

मीनलताई
बाळाचं नाव ठेवताय का? याझिनी पेक्षा यामिनी छान आहे, उच्चाराला सोपं आणि अर्थही सुंदर. आमच्या भाचीने मुलीचं नाव असंच वेगळं ठेवलं तर शाळेत रोज बाई चुकतात.

ज्ञानदा_कोथरूड
नाही मीनलताई, बाळ नाही, ऑफिसमधली मैत्रीण आहे 🙂 तिचं नाव ठेवून झालंय, मला ते नीट घ्यायचंय.

तंजावूरची_सुभद्रा
ज्ञानदा, आम्ही तंजावूरचे मराठी, घरात मराठी आणि दाराबाहेर तमिळ असं वाढलेय, त्यामुळे यात बोलू शकते.

रोहन म्हणतोय ते निम्मं बरोबर आहे. तमिळमध्ये ते अक्षर ழ असं आहे, आणि त्याच्याशिवाय आपल्या ळ सारखा ळ वेगळा आहेच, ள. आणि ल पण आहे. म्हणजे तिघं वेगळे. आता गंमत बघा, तुम्ही सगळे "तमिळ" म्हणता ना, त्या शब्दातला शेवटचा वर्ण हाच आहे, तमिळ लोक इंग्रजीत तो Tamizh लिहितात. हिंदीत तमिल झालं कारण त्यांच्याकडे ळ नाही, मराठीने ळ ठेवला कारण आपल्याकडचा सगळ्यात जवळचा आवाज तोच. तर ज्याला तमिळ म्हणता येतं त्याला याळिनी म्हणता येतं, सुरुवात तिथून करा.

खरा आवाज काढायचा असेल तर असं करा. "आळ" म्हणा आणि लक्ष द्या, जिभेचं टोक मागे वळतं, टाळूला टेकतं आणि पुढे आपटून सुटतं. आता जीभ तशीच मागे वळवा, पण टेकवायच्या आधी थांबा. टाळू आणि जीभ यांच्यात फट राहू दे, आणि त्या अवस्थेत आवाज सोडा. ऐकायला अमेरिकन लोक तोंडात र घोळवतात तसं काहीसं वाटेल. चुकतंय का ते ओळखायची खूण एकच, जीभ कुठेही आपटली तर तो ळ झाला, न आपटता श्वास असेपर्यंत आवाज लांबवता आला तर जमलं.

शेवटचा नि ऱ्हस्व आहे, याऴिनि. पहिल्या या वर जरा थांबायचं. यात "याऴ" हा मूळ शब्द, ते एक जुनं तंतुवाद्य, धनुष्यासारखं, साधारण हार्पच्या जातीचं. श्रीलंकेतल्या जाफन्याला तमिळमध्ये याऴ्प्पाणम म्हणतात त्यातही तेच याऴ.

अक्षरवेडा
सुभद्राताईंनी जे अक्षर टाइप केलंय त्याबद्दल थोडं, कारण बऱ्याच जणांना वाटेल की टायपो आहे. ऴ हे देवनागरीत खरंच आहे, ळ च्या खाली नुक्ता. युनिकोडमध्ये त्याला स्वतःची जागा आहे, U+0934, आणि ते मुद्दाम याच द्रविडी आवाजासाठी ठेवलंय. फोनच्या मराठी कीबोर्डवर सहज सापडत नाही, मी कुठूनतरी कॉपी करून नोट्समध्ये ठेवलंय.

आणि झ का लिहितात हा प्रश्न असेल तर, तो झ नाहीच मुळात. इंग्रजीत या आवाजाला अक्षर नाही म्हणून zh ही जोडी खूण म्हणून वापरली, वाचणाऱ्याने त्यातून z ऐकावा असा हेतू नाही. आपण मात्र रोमन लिपीतून वाचतो आणि मनातल्या मनात देवनागरी करतो, तिथे झ तयार होतो. पेपरात सुद्धा खासदार कनिमोळी कधी कनिमोळी असतात कधी कनिमोझी.

भटकी_शर्वरी
पण मग zh म्हणजे ळ हे सगळीकडे लावू नका हं. माझ्या टीममध्ये एक Zhang आहे, शांघायचा. तिथे zh म्हणजे जीभ मागे वळवून म्हटलेला ज-च च्या मधला आवाज. मी पहिल्या कॉलवर झँग म्हटलं, तो म्हणाला "ज़ांग" नाही "जांग" च्या जवळ म्हण. तोच रोमन zh आणि भाषा बदलली की आवाज पार वेगळा. त्यामुळे रोहन, विचारायची गरज नाही हे मला नाही पटत. विचारावंच लागतं.

रोहन७
ओके चीनचा मुद्दा मान्य. पण तमिळ नावाला तरी ळ चालतोच ना? माझा रूममेट चेन्नईचा होता, तो स्वतः ळच म्हणायचा, पळम म्हणजे फळ म्हणून.

तंजावूरची_सुभद्रा
चालतो, आणि तुझा रूममेट चुकत नव्हता. तमिळनाडूत खूप जण रोजच्या बोलण्यात ऴ चा ळ करतात, काही भागात तर सर्रास. म्हणून ज्ञानदा, तुला ऴ नाही जमला आणि तू स्वच्छ मराठी ळ लावलास तर तिला ते तिच्याच गावच्या माणसाने म्हटल्यासारखं वाटू शकतं. फक्त ल नको. वऴि म्हणजे रस्ता आणि वलि म्हणजे दुखणं, इतका फरक पडतो. आणि झ तर त्या भाषेत नाहीच.

पण ती स्वतः कोणता आवाज काढते हे तिलाच माहीत. मदुराईची म्हणून मी इथे बसून छातीठोक सांगणार नाही.

काळे_दिल्लीवाले
माझा अनुभव सांगतो. मी काळे, दिल्लीत बावीस वर्षं. तिथे मी काले आहे. बँकेत काले, सोसायटीत काले जी, मुलांच्या शाळेत काले. पहिली पाच वर्षं प्रत्येकाला सांगायचो, मग सोडून दिलं. पण एक शेजारी आहेत, गढवालचे, त्यांनी पहिल्याच भेटीत नमस्कार करून विचारलं, "भाईसाहब, आप लोग इसे कैसे बोलते हैं, घर में?" मी म्हटलं काळे. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं, नीट आला त्यांना, आणि पुढच्या वेळी लिफ्टमध्ये भेटले तर "नमस्कार काळे साहब". आज सतरा वर्षं झाली, तो एक माणूस मला माझ्या नावाने हाक मारतो. त्यांच्या प्रश्नातला "घर में" हा शब्द मला अजून आठवतो. नाव अवघड आहे असं ते म्हणाले नाहीत. घरी जसं म्हणतात तसं मला म्हणायचंय, एवढंच होतं त्यात.

ज्ञानदा_कोथरूड
काळे काका, हे वाचून डोळ्यात पाणी आलं खरंच. "घर में" मी वापरणार.

सई_नेने
मी कॉलेजला मानसशास्त्र शिकवते. ज्ञानदा, तुझ्या पहिल्या दिवसाच्या गोष्टीला नाव आहे आणि तो तुझा हलगर्जीपणा नाही. 1973 मध्ये माल्कम ब्रेनर यांनी प्रयोग करून दाखवलं होतं की गोल बसून ओळीने बोलायचं असेल तर स्वतःच्या पाळीच्या लगेच आधी जे बोललं गेलं ते माणसाला सगळ्यात कमी आठवतं. तिची पाळी तुझ्या लगेच आधी होती, झालं. म्हणून अशा ओळख-फेरीत मी पाळी संपली की मागच्या माणसाकडे वळून तेव्हाच हळूच विचारते, "तुमचं नाव माझ्या कानातून निसटलं, परत सांगता का?" त्या क्षणाला कुणालाच काही वाटत नाही. चार महिन्यांनी वाटतं, ते तुझ्यावर आलंय.

लक्षात ठेवण्याबद्दल: नाव लगेच दहा वेळा घोकून उपयोग होत नाही, ते तेवढ्यापुरतं राहतं. मध्ये अंतर पडून, न बघता, आठवून काढावं लागतं, आणि ते अंतर वाढवत न्यायचं. लँडाउअर आणि ब्योर्क यांचं 1978 चं काम नेमकं नावांवरच होतं. प्रत्यक्षात म्हणजे असं, ऐकलं की लगेच एकदा म्हणायचं, दोन मिनिटांनी बोलण्यात एकदा, निघताना निरोप घेताना एकदा, रात्री झोपताना एकदा मनात, मग दुसऱ्या दिवशी भेटायच्या आधी. प्रत्येक वेळी आधी स्वतः आठवायचं, अडलं तरच बघायचं.

अक्षरवेडा
याला एक जोड देतो. फोनमध्ये नाव देवनागरीत सेव्ह करा. रोमनमध्ये ठेवलं तर प्रत्येक कॉलला स्क्रीनवर Yazhini येणार आणि डोळा परत झ शिकवणार. मी तर ऐकल्या ऐकल्या लिहितो, स्पेलिंग न बघता. लिंक्डइनवर काही जण नावाचा उच्चार दहा सेकंदात रेकॉर्ड करून ठेवतात, असला तर भेटायच्या आधी तोही ऐकून घेतो. पण बहुतेकांनी केलेला नसतो.

तंजावूरची_सुभद्रा
लक्षात राहायला एक मराठी खुंटी देऊ का? जेजुरीला "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणतो ना. येळकोट म्हणजे कन्नड एळु कोटी, सात कोटी, असं सांगतात. तो एळु म्हणजे सात, आणि तमिळमध्ये सात म्हणजे एऴु, अक्षर तेच जे याऴिनीत आहे. तर येळकोट म्हणताना तोंडात जे होतं त्याच्याच शेजारी हे नाव आहे. मी माझ्या पुण्याच्या सुनेला हे सांगितलं आणि तिला माझ्या मावशीचं नाव, एऴिलरसि, त्या दिवसापासून येतं.

प्रसाद_आय
मला थोडं वेगळं म्हणायचंय. प्रत्येकाला विचारलेलं आवडतंच असं नाही. माझी बायको केरळची, तिच्या नावात पण हा ऴ आहे, आणि ती म्हणते की दर नवीन माणूस दहा जणांसमोर थांबवून विचारतो, मग सगळे एकेक करून म्हणून बघतात, हसतात, परत म्हणतात, आणि तिला त्या दिवशीचं मूळ बोलणं बाजूलाच राहतं. तिने आता ऑफिसला एक छोटं नाव दिलंय आणि तिला ते खरंच चालतं. तेव्हा ज्ञानदा, हे एकटीत विचार, आणि तिने सांगितलं की याझिनी ठीक आहे तर तेही ऐक.

भटकी_शर्वरी
प्रसाद, चालतं आणि आवडतं यात फरक आहे पण. काळे काकांनाही काले चालतच होतं की बावीस वर्षं.

प्रसाद_आय
फरक आहे, पण तो तिने ठरवायचा ना, आपण नाही. माझ्या बायकोने ठरवलंय. मी तिला घरी तिच्या नावानेच हाक मारतो, आणि तिला हे दोन वेगळे राहिलेले आवडतात.

रोहन७
वाक्य काय बोलायचं ते कोणीतरी नीट लिहा ना. मला पण उपयोगी पडेल, आमच्याकडे एक Senthil येतोय सोमवारी.

तंजावूरची_सुभद्रा
रोहन, तुझ्या Senthil मध्ये थ नाही. तमिळ स्पेलिंगमध्ये t म्हणजे बहुतेक ट, म्हणून त साठी th लिहितात. Karthik म्हणजे कार्तिकच. आणि तमिळमध्ये त आणि द ला अक्षर एकच, अनुस्वारानंतर तो द होतो, म्हणून तो सेंदिल, दगडातला द. पण भेटल्यावर त्याला विचारच, काही जणांच्या घरी दुसऱ्या राज्यात राहून वेगळं रुळलेलं असतं.

वाक्य मी असं बोलते: "नमस्कार. तुमचं नाव मी वाचलंय पण ऐकलं नाहीये, तुम्ही कसं म्हणता?" वाचलंय पण ऐकलं नाही हे खरंच असतं आणि समोरच्याला लगेच पटतं. मग ते म्हणतात, मी एकदा मागून म्हणते, "बरोबर आलं का?" विचारते. नाही आलं तर आणखी एकदा. दोनदाच. तिसऱ्यांदा त्यांना शिकवणीला बसवत नाही, घरी सराव करते आणि पुढच्या भेटीत नीट म्हणते. तमिळमध्ये विचारायचं तर "उंग पेरै एप्पडि सोल्लणुम?" आणि म्हणून झाल्यावर "सरिया?"

दोन गोष्टी मात्र बोलू नका. "बाई गं, केवढं अवघड नाव" हे एक, आणि "शॉर्टमध्ये काय म्हणू?" हे दुसरं. शॉर्ट त्यांना द्यायचं असेल तर त्या देतील.

सई_नेने
आणि चार महिन्यांनंतर असेल तर माफी एका वाक्यात उरकायची. लांबवली की समोरचीला आपलीच समजूत काढत बसावं लागतं.

ज्ञानदा_कोथरूड
मंडळी, आज सोमवार, विचारलं. जसं झालं तसं लिहिते.

सकाळी साडेनऊला चहाच्या मशीनपाशी ती एकटीच होती. मी रविवारभर आरशासमोर जीभ वळवत बसले होते, नवऱ्याला वाटलं दात दुखतोय. मी म्हटलं, "गुड मॉर्निंग. एक बात पूछनी थी. उस दिन तुम्हारी मम्मी ने तुम्हें बुलाया, और मुझे लगा मैं चार महीने से गलत बोल रही हूँ. सॉरी. घर में कैसे बोलते हैं?"

ती कप हातात धरून दोन सेकंद थांबली. मग म्हणाली, याऴिनि. हळू नाही, नेहमीच्या बोलण्यात म्हणतात तसं पटकन. मी पहिल्यांदा म्हटलं ते झालं याळिनी, जीभ आपटलीच. तिने मान हलवली, म्हणाली, ये भी ठीक है, मेरे मामा ऐसे ही बोलते हैं. दुसऱ्यांदा मी टेकवायच्या आधी थांबवली आणि काहीतरी र-सारखं बाहेर पडलं, ती म्हणाली "यस, क्लोज". मी तिथेच थांबवलं, सुभद्राताईंचं दोनदाच लक्षात होतं.

मग तिने मला जे विचारलं ते मला अपेक्षितच नव्हतं. म्हणाली, और तुम्हारा? स्क्रीनवर माझं नाव Dnyanada असं आहे, आणि ती मला चार महिने "डन्यानदा" म्हणत होती, D वेगळा काढून, आणि मी एकदाही सांगितलं नव्हतं कारण मला वाटायचं सांगून काय होणार. मी म्हटलं ज्ञानदा, द आणि न्य एकत्र, द दगडातला. ती म्हणाली तमिळमध्ये ज्ञान ला ञानम म्हणतात, म्हणून तिला मधला न्य लगेच सापडला, पुढचा द लावायलाच अडत होतं. तीन-चार वेळा तिनेच हौसेने म्हणून बघितलं.

मी जागेवर येऊन फोनमध्ये याऴिनी असं सेव्ह केलं, अक्षरवेडांचं अक्षर कॉपी करून. जेवताना एकदा म्हटलं, बरोबर आलं. संध्याकाळी निघताना "बाय" म्हटल्यावर नाव अडलं, तोंडात याझि आलंच होतं, मग येळकोट आठवलं आणि वळलं.

एक गोष्ट अजून अडलीये. टीममधले बाकीचे नऊ जण आणि मॅनेजर याझिनीच म्हणतायत. मी त्यांना सांगू का, की ते तिच्यावर सोडू? प्रसाद म्हणाले ते डोक्यात आहे म्हणून आज गप्प बसले.

प्रसाद_आय
तिला विचार. "मी इतरांना सांगितलं तर चालेल का?" एवढंच.

भटकी_शर्वरी
मी असते तर सांगण्यापेक्षा मीटिंगमध्ये मोठ्याने नीट म्हटलं असतं. याझिनी पसरलं ते मॅनेजरांनी एकदा म्हटल्यामुळेच ना, ऐकून. तसंच हेही पसरेल.

काळे_दिल्लीवाले
शर्वरी, माझ्या शेजाऱ्यांनी सतरा वर्षं सोसायटीच्या मीटिंगमध्ये काळे साहबच म्हटलंय आणि बाकीचे काले जी वरच आहेत. तेव्हा नुसतं ऐकून पसरतं याची मला खात्री नाही. कुणीतरी सांगावं लागतं. पण प्रसादचं बरोबर आहे, आधी तिला विचार.

रोहन७
सेंदिल आला. मी विचारलं. तो म्हणाला सेंदिल, पण मुंबईत शाळेत असल्यापासून सगळे सेंथिल म्हणतात आणि आता आईही फोनवर इतरांशी बोलताना सेंथिल म्हणते. मी विचारलं मग मी काय म्हणू, तो म्हणाला थांब, विचार करून सांगतो. अजून सांगितलं नाहीये.